वजनकाट्याला ओऑथ कशाला?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत गेटवरच्या वजनकाट्याचं सॉफ्टवेअर ईआरपीला जोडायचं काम सध्या माझ्याकडे आहे. गाडी काट्यावर आली, वजन झालं, की गाडी नंबर, चलन नंबर आणि वजन ईआरपीत जायचं. एवढंच. मीटिंगमध्ये मात्र एकच धोशा: "ओऑथच लावा, ते जास्त सुरक्षित."

मला हे पटत नाही. माझ्या मते इथं साधी एपीआय की, म्हणजे काट्याच्या पीसीला दिलेला एक लांब गुप्त कोड, पुरते. ओऑथचा जन्म वेगळ्या गरजेतून झाला: एखाद्या माणसानं आपला पासवर्ड न देता दुसऱ्या अॅपला आपल्या माहितीपर्यंत मर्यादित परवानगी देणं. इथं माणूसच नाही, दोन मशीन आहेत. अशा वेळी ओऑथमध्ये क्लायंट क्रेडेन्शियल्स पद्धत वापरतात. त्यात काट्याचा पीसी आयडी आणि सीक्रेट देऊन तासाभराचं टोकन घेतो. पण ते सीक्रेट राहतं कुठं? त्याच गेटवरच्या पीसीत! पीसी कुणाच्या हाती लागला तर एपीआय की गेली काय आणि सीक्रेट गेलं काय, नुकसान तेच. टोकन लवकर संपतं हा फायदा खरा, पण त्यासाठी टोकन देणारा सर्व्हर चोवीस तास सांभाळायला हवा. तो रात्रपाळीत पडला, तर काटा चालू असूनही नोंदी अडकणार.

म्हणून माझं मत एपीआय की, पण ती नीट केलेली. आधी की तयार करायची:

```
openssl rand -hex 32
```

ईआरपीच्या डेटाबेसमध्ये मूळ की ठेवायची नाही, तिचा SHA-256 हॅशच ठेवायचा. एवढी लांब, रँडम की हॅशवरून शोधून काढणं कुणाच्या बापाला जमत नाही. की पाठवायची हेडरमधून आणि एचटीटीपीएसवरूनच. यूआरएलमध्ये घातली, तर सर्व्हरच्या अॅक्सेस लॉगमध्ये ती उघडीवाघडी पडून राहते. आणि त्या कीला परवानगी फक्त वजनाची नवी नोंद करायची. दर बघणं नाही, जुनं वजन बदलणं तर नाहीच.

खरी गोची होते ही की बदलताना. ईआरपीत एकाच कीची सोय असेल, तर जुनी काढून नवी घालेपर्यंत काट्याला 401, म्हणजे ओळख नाकारल्याचा एरर, येत राहतो आणि बाहेर गाड्यांची रांग लागते. मग लोक की बदलायचंच टाळतात, वर्षानुवर्षं तीच चालते. म्हणून एकाच वेळी दोन की चालू राहतील अशी सोय पहिल्या दिवसापासून हवी, आणि प्रत्येक कीसमोर ती शेवटची कधी वापरली त्याची वेळ. नवी की पीसीत घालायची, जुनीची वेळ पुढं सरकायची थांबली का बघायचं. एक दिवस जाऊ द्यायचा, मग जुनी बंद करायची.

उद्या सुपरवायझरला स्वतःच्या लॉगिननं वजन दुरुस्त करायचं असेल, किंवा ट्रान्सपोर्टरच्या सिस्टीमला आत घ्यायचं असेल, तर मी स्वतःच ओऑथ मागेन. तिथं कुणाच्या वतीनं काम होतंय हे कळावं लागतं, आणि ते नुसत्या कीवरून कळत नाही.