प्रायमरी मालकाच्या नाही, दुसऱ्याच्या पीएस५ वर

‘गेम एकदाच घ्या, दोन घरी खेळा! ज्याने विकत घेतला त्याच्या पीएस५ वर प्रायमरी चालू ठेवा, दुसऱ्याला फक्त पासवर्ड द्या. डिस्कचे गेमही चालतात. इंटरनेट गेलं तरी दोघांचं काही अडत नाही.’

हा मेसेज आमच्या नाशिकच्या भाच्यापर्यंत पोचला आणि रविवारी सकाळी त्याचा फोन आला, “मामा, सगळ्या गेमवर कुलूप दिसतंय!” दिसणारच. सांगितलंय तेच उलटं.

विकत घेतलेल्या गेमचा परवाना दोन ठिकाणी चालतो. एक, खरेदीदाराचं अकाउंट: ते ज्या पीएस५ वर ऑनलाइन असेल तिथे, पण फक्त त्याच अकाउंटसाठी. दुसरं, ज्या एका कन्सोलवर शेअरिंग, म्हणजे मेसेजमधलं ‘प्रायमरी’, चालू आहे ते यंत्र: तिथे कुठल्याही युजरला गेम उघडतो, नेट नसलं तरी. सोनीच्या सपोर्ट पानावर स्पष्ट लिहिलंय की ही सोय एका वेळी एकाच पीएस५ वर चालू ठेवता येते.

आता हिशोब करा. मी पुण्यात माझ्याच पीएस५ वर ती चालू ठेवली, तर दोन्ही परवाने माझ्याच घरात. भाचा स्वतःच्या अकाउंटने आला की कुलूप. माझ्या अकाउंटने खेळला तर सेव्ह आणि ट्रॉफ्या माझ्या नावावर, आणि मी इथे साइन इन केलं की तो तिथून बाहेर.

म्हणून माझ्या पीएस५ वर आधी ती बंद केली:

```
Settings > Users and Accounts > Other > Console Sharing and Offline Play
```

मग भाच्याच्या पीएस५ वर एकदा माझ्या अकाउंटने जाऊन हीच सेटिंग चालू केली. आता तो स्वतःच्या अकाउंटने खेळतो, मी माझ्या. एकच गेम एकाच वेळी दोघांनाही चालतो. माझं पीएस प्लस असल्याने त्याला ऑनलाइन मॅचही खेळता येते. तेवढ्यापुरतं मेसेजचं पहिलं वाक्य खरं, हे मान्य करतो.

इंटरनेटचं मात्र निम्मंच खरं. गेल्या महिन्यात आमच्या गल्लीत खोदकामात फायबर तुटली. नाशिकला भाचा निवांत खेळत होता, आणि पैसे मोजलेल्या माझ्या गेमवर कुलूप! ही किंमत मालकाला मोजावीच लागते.

डिस्कचं काय बोलायचं? डिस्क ज्याच्या यंत्रात, गेम त्याचा.

पासवर्डचा सल्ला तर सरळ घातक. अकाउंटला कार्ड जोडलेलं असतं. भाचा घरचा आहे, तरी मी त्याच्या यंत्रावर पासवर्ड स्वतः टाकला आणि Require Password at Checkout चालू केलं. ‘प्रायमरी अकाउंट’ स्वस्तात विकणाऱ्या अनोळखी माणसाशी असला व्यवहार केलात, तर तो उद्या लांबूनच तुमचं यंत्र काढून टाकू शकतो. वेबवरून सगळी यंत्रं एकदम बाद करता येतात, फक्त सहा महिन्यांतून एकदाच. भाच्याचा कन्सोल बंद पडला तर मलाही तोच एक मार्ग उरेल, म्हणून तो मी उगाच वापरत नाही.