वाटीभर पुरावा

कोल्ड्रिंकची जुनी बाटली, तिच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी गुंडाळून वर रबरबँड, आणि आत, काकींच्या शब्दांत, ‘पहिल्या दिवसाचा चीक’. पैसे त्यांनी गाय गाभण असतानाच घेऊन ठेवले होते. बहीण मुंबईहून येणार म्हणून खरवसासाठी मी डिचोलीच्या बाजारातून माडाचा काळा गूळ आणला, परसातली हळदीची पानं कापली, जायफळ शोधलं आणि मग बाटली उघडली.

पहिल्या दिवसाचा चीक बघितलेल्या माणसाला फार सांगावं लागत नाही. तो पिवळसर असतो, दाट असतो, बोटाला चिकटतो आणि चवीला किंचित खारट लागतो. माझ्या बाटलीतला पांढरा होता आणि ओतला तर पाण्यासारखा पळत होता. म्हणून सगळ्यात आधी मी वाटी लावली. खरवसाच्या बाबतीत वाटीशिवाय पुढे जाणं म्हणजे मटका लावणं. दूध नाही, गूळ नाही, नुसता चीक वाटीत घ्यायचा आणि झाकून वाफवायचा. पंधरा मिनिटांत तो पनीरसारखा टणक झाला, तर चीक जोरदार आहे. त्यात बरोबरीचं, कधी दुप्पटही दूध चालतं, नाहीतर खरवस रबरासारखा होतो. मऊसर जमला, तर दूध जेमतेम घालायचं. जमलाच नाही, तर गूळ वाया घालवायचा नाही.

माझ्या वाटीत वर चार पांढऱ्या चिंध्या तरंगत होत्या आणि खाली दूध होतं.

तीच वाटी घेऊन मी काकींच्या अंगणात गेलो. दूध न्यायला आलेल्या बायका उभ्या होत्या. काकींनी वाटीत डोकावून बघितलं आणि वैद्यासारखा चेहरा केला.

“भांडं कसलं?”

“स्टीलचं.”

“तिथंच चुकलं. पितळेचं हवं.”

“काकी, अहो, पितळेला कल्हई नसेल तर...”

“शिट्टी लावलीस?”

“नाही. खरवसाला शिट्टी लावत नाहीत.”

“झाकण काढून बघितलंस?”

“एकदा बघितलं.”

काकी बायकांकडे वळल्या. “बघा! खरवस लाजतो. मधेच बघितलं की आखडतो.” त्यातल्या दोघींनी माना डोलावल्या. एकीने “आमच्या आवयचं पण हेच म्हणणं,” अशी साक्षही दिली. मी म्हटलं, झाकण काढल्याने वाफ जाते आणि झाकणाचं पाणी वर ठिबकून खड्डे पडतात, पण झाकण न काढताही दुधाचा खरवस होत नाही तो नाहीच. काकी म्हणाल्या, “तू शिकलेला आहेस, तुला कळायचं नाही.” मग गॅस हलका असेल, मग गुळाचा दोष असेल. गूळ घातलाच नव्हता, हे सांगितल्यावर “म्हणूनच!” शेवटी, “तुझ्या घरात कोणाची नजर वाईट आहे का?” घरात मी आणि आई. मी उत्तर दिलं नाही.

एवढ्यात गोठ्यातून वासरू शेपटी वर करून उड्या मारत बाहेर आलं. मी सहज विचारलं, “व्यायली कधी?” आणि काकीही सहजच म्हणाल्या, “सोमवारी रात्री नाही का, लाइट गेली होती तेव्हा.” तो दिवस शुक्रवार होता.

आता यात लाजण्याबिजण्याचा प्रश्न कुठे येतो? साध्या दुधात प्रथिनं जेमतेम तीन-साडेतीन टक्के, आणि त्यातलं बहुतेक केसिन. केसिन उकळीला दाद देत नाही; म्हणून तर आपण रोज दूध तापवतो आणि त्याचा चहा होतो, वडी होत नाही. पहिल्या चिकात प्रथिनं साधारण चौदा टक्के असतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त दुसऱ्या जातीची, मुख्यतः वासराला रोगांपासून वाचवणारी. ती सत्तर अंशांच्या पुढे उष्णता मिळाली की गुंडाळलेली असतात ती उलगडतात, एकमेकांत अडकतात आणि त्या जाळ्यात सगळं पाणी, स्निग्धांश, गूळ धरून ठेवतात. अंडं उकडल्यावर घट्ट होतं ते याच कारणाने. (हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, खरवसाच्या भांड्याजवळ अंड्याचं नाव काढू नकोस.) म्हणूनच खरवस वाफवायचा. पातेलं थेट आचेवर ठेवून ढवळलं, तर जाळं धरण्याआधीच मोडतं, गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं पडतं. वाफेत भांडं हलत नाही आणि खालून करपत नाही. तीही मंद हवी. भडका केला तर खरवसाला भोकं पडतात आणि कापल्यावर ताटलीत पाणी सुटतं.

पण जाळं विणायला सूत तर हवं! व्याल्यानंतर दर धारेला ही प्रथिनं झपाट्याने उतरतात आणि चौथ्या दिवशी जे येतं ते जवळजवळ दूधच. त्याला पितळेच्या भांड्यात घालून वर सोवळं नेसवलं तरी ते दूधच राहणार.

बरं, पहिला चीक वासराने प्यायला असता, तर माझी काही तक्रार नव्हती. वासराला आईच्या पोटात ही प्रतिकारशक्ती मिळत नाही. ती चिकातूनच मिळते, आणि तीही पहिल्या काही तासांत. दिवसभरात त्याच्या आतड्याचं ते दार बंद होतं. आधी वासरू, उरलं तर आपण, हे मलाही मान्य आहे. पण वासराच्या नंतर नंबर लागला तो साखळीच्या जावयाचा, मग त्याच्या भावाचा, मग म्हापशाच्या मावशीचा. पैसे दिलेला मी चौथ्या दिवशी. नाती जपा, जरूर जपा, पण माझ्या पैशाने कशाला?

पैसे परत मागितले तर काकी म्हणाल्या, “उद्याचा ताजा घेऊन जा, वर अर्धा लिटर.” पाचव्या दिवसाचा!

बहीण संध्याकाळी येणार होती, म्हणून आईने बाजारातून खरवसाचा डबा मागवला. छान कापलेले चौकोन, वर केशराच्या काड्या. मी एक तुकडा वाटीत घालून पुन्हा वाफेवर ठेवला. खऱ्या खरवसाची प्रथिनं एकदा गुंतली की सुटत नाहीत. तो कितीही गरम करा, तुकडा तुकडाच राहतो. हा पाघळला आणि वाटीभर गोड दूध झालं. चायना ग्रास. ते गार झाल्यावर आळतं आणि भरपूर तापवलं की विरघळतं. दुधाची पावडर आणि वेलची घालून त्यालाच खरवस म्हणून विकतात, आणि लोक किलोने नेतात.

बहिणीने तीन चौकोन खाल्ले. “दादा, अगदी लहानपणीची चव! काकींच्याच गायीचा ना?” आईने माझ्याकडे बघितलं. मी वाढत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काकींना भेटायला गेली आणि खरवसाचं तोंडभर कौतुक करून आली. आता काकी दूध न्यायला येणाऱ्या प्रत्येकीला सांगतात की आमच्या कपिलेच्या चौथ्या दिवसाच्या चिकाचासुद्धा खरवस होतो, विचारा हवं तर त्या शिकलेल्याला. चिकाचा दरही वाढवलाय.