बोरन्हाणाचा फोटो आणि आत्याचा फोन: वर्णनावरच्या आक्षेपांना उत्तर

ज्यांना फोटो दिसत नाही त्यांच्यासाठी फोटोखाली वर्णन लिहावे असे म्हटले, की असे आक्षेप येतात: “फोटोखाली सविस्तर वर्णन लिहायची आता गरजच नाही, फोन स्वतःच फोटो ओळखून सांगतो. ‘आनंदाचा क्षण’ एवढं लिहिलं तरी भावना पोचते. ज्यांना दिसत नाही त्यांना असं वर्णन पाठवणं म्हणजे त्यांच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवणं. त्यापेक्षा फोन करून सांगावं. आणि लांबलचक मजकूर लिहिला की बाकीच्यांचा फोटोतला रस जातो.”

आधी फोनच्या क्षमतेविषयी. ही सोय खरी आहे आणि ती उपयोगाची आहे. फेसबुकने २०१६ मध्ये फोटोंची स्वयंचलित वर्णने द्यायला सुरुवात केली, आणि आता अँड्रॉइडवरील टॉकबॅक व आयफोनवरील व्हॉइसओव्हर हे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे स्क्रीन रीडरदेखील फोटोत काय असावे याचा अंदाज सांगू शकतात. परंतु हा अंदाज वस्तूंचा असतो, माणसांचा आणि प्रसंगाचा नसतो. माझ्या आत्याची दृष्टी काचबिंदूमुळे पन्नाशीनंतर गेली, आणि ती गेली काही वर्षे टॉकबॅकवर फोन वापरते. माझ्या मुलीच्या बोरन्हाणाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, तेव्हा तिच्या फोनने तिला एक बाळ, एक स्त्री आणि काही मुले घरात आहेत, एवढेच इंग्रजीतून सांगितले. यात चूक काहीच नव्हती, पण त्यावरून तो फोटो बोरन्हाणाचा आहे, की वाढदिवसाचा, की नुसताच कुणाच्या तरी घरातला, हे कळायला मार्ग नव्हता. ती स्त्री म्हणजे आत्याची सख्खी वहिनी आहे, बाळाच्या डोक्यावरचा पांढरा मुकुट हलव्याचा आहे, आणि झबले काळे आहे ते संक्रांतीचे म्हणून, या तिन्ही गोष्टी फोटो काढणाऱ्या माझ्याशिवाय तिला कोण सांगणार होते?

मी त्या फोटोखाली काहीच लिहिले नव्हते असे नाही. “आमच्या चिऊच्या आयुष्यातला सोनेरी क्षण” असे लिहून पुढे हृदयांची आणि हसऱ्या चेहऱ्यांची एक रांग लावली होती. “भावना पोचते” या म्हणण्याची परीक्षा मला तिथे घेता आली. आत्याने फोन करून विचारले, “अगं, सोनेरी म्हणजे काय झालं? चिऊ चालायला लागली का?” “सोनेरी”, “अविस्मरणीय”, “शब्दांत न मावणारा” ही विशेषणे फोटो दिसत असेल तरच काही बोलतात, कारण उरलेले काम डोळे करत असतात. फोटो दिसत नसेल, तर त्या विशेषणांतून इतकेच कळते की लिहिणाऱ्याला आनंद झाला आहे, पण तो कशाचा हे कळत नाही. हृदयांची ती रांग तिच्या फोनने एकेका चिन्हाचे नाव घेत वाचली, ती वेगळीच. रांग संपेपर्यंत थांबायचे की पुढच्या निरोपावर जायचे, हा प्रश्न तिला रोज पडतो. हसरा चेहरा किंवा हृदय घालायचे असेल तर एखादेच घालावे आणि ते मजकुराच्या शेवटी ठेवावे, म्हणजे वाक्याचे तुकडे होत नाहीत.

नंतर मी तोच फोटो पुन्हा पाठवला, तो या मजकुरासह:

“चिऊचं पहिलं बोरन्हाण, आईकडे. चिऊ पाटावर मांडी घालून बसली आहे. अंगात काळं झबलं, डोक्यावर हलव्याचा मुकुट आणि गळ्यात हलव्याचा हार. तिच्या मागे उभी राहून माझी आई वाटीतून बोरं, चुरमुरे आणि उसाचे करवे तिच्या डोक्यावरून ओतते आहे. चिऊचं तिकडे लक्षच नाही. ती हाराचा एक दाणा तोंडात धरून मांडीत पडलेलं बोर उचलते आहे. भोवती चार मुलं खाली वाकून खाऊ वेचत आहेत.”

या मजकुरातला क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. पहिल्या वाक्यात प्रसंग, बाळ आणि ठिकाण आले, म्हणजे ऐकणाऱ्याच्या मनात चौकट तयार झाली. बोरन्हाण म्हटल्याबरोबर पाट, हलवा आणि मुलांची झुंबड हे सगळे आत्याला ओळखीचे आहे, त्यामुळे पुढचा तपशील आपापल्या जागी बसत जातो. प्रसंगाचे नाव शेवटी आले असते, तर काळे झबले आणि डोक्यावर काहीतरी ओतणारी बाई यांचा मेळ तिला शेवटपर्यंत लागला नसता. त्यानंतर मुख्य व्यक्ती, मग तिच्याशी काही करत असलेली दुसरी व्यक्ती आणि सगळ्यात शेवटी भोवतालची माणसे, असा तो क्रम आहे. “आजी” न लिहिता मी “माझी आई” असे लिहिले, कारण ग्रुपवर दोन्हीकडची माणसे आहेत आणि चिऊला आज्या दोन आहेत. नात्याचा शब्द लिहिताना तो कुणाच्या बाजूने लिहिला आहे हे स्पष्ट नसेल, तर ऐकणाऱ्याच्या मनात भलतीच व्यक्ती उभी राहते, आणि चेहरा बघून ती चूक दुरुस्त करण्याची सोय तिच्याकडे नसते.

या वर्णनातले सर्वांत मोलाचे वाक्य दाणा तोंडात धरण्याचे आहे, असे माझे मत आहे. मुकुट आणि हार प्रत्येक बोरन्हाणात असतात, पण वरून खाऊ पडत असताना मांडीतल्या एकाच बोराकडे लक्ष लावून बसणे हे आमच्या चिऊचे आहे. फोटो बघणारे ज्या गोष्टीला हसणार आहेत, ती गोष्ट शोधून लिहावी. मागच्या भिंतीचा रंग, खिडकीतली कुंडी, कोपऱ्यातली खुर्ची यांना मी जागा दिली नाही, कारण त्या फोटोत असल्या तरी फोटो त्यांचा नव्हता. रंग मात्र अर्थ असेल तिथे जरूर लिहावा. आत्याने पन्नाशीपर्यंतच्या संक्रांती डोळ्यांनी पाहिलेल्या आहेत, त्यामुळे “काळं झबलं” म्हणताच तिला ते दिसते. आणि ज्यांना जन्मापासून दिसत नाही, त्यांनाही संक्रांतीला काळे घालतात हे इतर कुणाइतकेच ठाऊक असते.

दुखऱ्या जागेच्या आक्षेपामागे काळजी आहे, हे मला समजते, आणि म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे. फोटो आला तेव्हा ग्रुपवर “मुकुट कुणी केला?”, “बोर खाल्लं की फेकलं?” असे निरोप येऊ लागले. आत्याचा फोन ते सगळे निरोप तिला वाचून दाखवत होता. म्हणजे ज्या फोटोबद्दल सगळे बोलत होते तो सोडून बाकीचे सगळे संभाषण तिच्यापर्यंत पोचत होते. तिला त्रास झाला तो या तुटलेपणाचा. मी फोन करून सांगितले असते तर ते तिला दोन तासांनी, नाही तर दुसऱ्या दिवशी कळले असते, आणि तोपर्यंत गप्पा पुढे गेल्या असत्या. वर्णनासह फोटो गेल्यावर तिने इतरांच्या बरोबरीने लिहिले, “वहिनी, उसाचे करवे बारीक केलेत ना?” हा प्रश्न दुसऱ्या कुणाला सुचला नव्हता. शिवाय लिहिलेला मजकूर तिला हवा तेव्हा पुन्हा ऐकता येतो, आणि तिने तो शेजारणीलाही ऐकवला. प्रत्येकाची आवड आत्यासारखीच असेल असे मी म्हणत नाही. कुणाला दोनच वाक्ये हवी असतात, तर कुणाला कपड्यांचा तपशील नको असतो, म्हणून आपल्या माणसाला एकदा सरळ विचारावे. विचारण्यात अवमान नाही. “तुला दिसत नाही म्हणून खास लिहिते” अशी प्रस्तावना मात्र करू नये. वर्णन सगळ्यांसाठी लिहिलेले असावे आणि तिने ते सगळ्यांबरोबर वाचावे.

हाच धागा लांबीच्या आक्षेपाशी जोडलेला आहे. वर दिलेला मजकूर पन्नास-साठ शब्दांचा आहे आणि तो ऐकायला अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागतो. दिसणाऱ्यांचा रस जाण्याऐवजी माझ्या मावसभावाने वर्णन वाचून फोटो पुन्हा उघडला, कारण तोंडातला दाणा त्याला आधी दिसलाच नव्हता. त्यातही ज्यांना वर्णन वेगळे ठेवायचे असेल, त्यांच्यासाठी फेसबुक आणि इन्स्टाग्राम या दोन्हींवर फोटोसोबत Alt text नावाची जागा आहे. तिथे लिहिलेला मजकूर स्क्रीन रीडर वाचतो, पण तो फोटोखाली दिसत नाही. अशा वेळी जे डोळ्यांना दिसते ते Alt text मध्ये आणि जे दिसत नाही, म्हणजे दिवस, निमित्त, मुकुट कुणी केला, ते कॅप्शनमध्ये लिहावे. तेच वाक्य दोन्हीकडे लिहिले तर ऐकणाऱ्याला ते दोनदा ऐकावे लागते. व्हॉट्सॲपवर आम्ही फोटो पाठवतो तेव्हा फोटोसोबतचे कॅप्शन हीच वर्णनाची जागा असते. तिथे फार मोठा मजकूर अर्ध्यावर दुमडला जातो, म्हणून मुख्य गोष्ट पहिल्या दोन वाक्यांत यायला हवी.

वर्णन चांगले असूनही ऐकताना बिघडते, त्याची कारणे बहुधा लिपीत असतात. रोमन अक्षरांत लिहिलेले मराठी इंग्रजी आवाज इंग्रजी उच्चारांनी वाचतो आणि त्यातून काही बोध होत नाही, म्हणून देवनागरीतच लिहावे. नक्षीदार अक्षरे देणाऱ्या ॲपमधून आणलेला मजकूर काही वेळा मुळीच वाचला जात नाही. फोटोवरच रंगवलेला “१ वर्ष पूर्ण” असा फलक हे चित्र असते, मजकूर नव्हे. त्यावरचे शब्द कॅप्शनमध्ये पुन्हा लिहावे लागतात. “चि.”, “सौ. कां.” यांसारखी संक्षिप्त रूपे अर्धवट, अडखळत वाचली जातात, त्याऐवजी नुसते नाव बरे. वर्णन नीट झाले की नाही हे पाहायला स्वतः टॉकबॅक सुरू करायलाच हवा असे नाही. फोटो न पाहिलेल्या घरातल्या एखाद्याला मजकूर वाचून दाखवावा आणि कोण कुठे आहे, काय करते आहे हे त्याला विचारावे. माझ्या पहिल्या मसुद्यात आई चिऊच्या समोर बसली आहे असे माझ्या भावाने सांगितले, तेव्हा “मागे उभी राहून” हे शब्द मी घातले.

आता प्रश्न उरतो तो चाळीस फोटो एकदम आले तर काय करायचे हा. सगळ्यांची वर्णने लिहिणे कुणालाच जमणार नाही आणि ती ऐकायला आत्यालाही नको आहेत. मी पाच फोटो निवडते: औक्षण, खाऊ ओतणे, मुलांची वेचावेच, चिऊचा एकटीचा आणि घरच्या सगळ्यांचा. हे पाच एकेक करून वर्णनासह पाठवते. सगळ्यांच्या फोटोत नावे डावीकडून उजवीकडे, मागची रांग आधी अशी लिहिते. माझ्या चुलत्यांना थोडे दिसते आणि ते फोटो मोठा करून त्या क्रमाने एकेक चेहरा शोधतात. उरलेल्या पस्तीस फोटोंच्या आधी एकच ओळ जाते: “यापुढचे फोटो जेवणाच्या पंगतीचे आणि मुलांच्या खेळाचे आहेत.” मग आत्या ते ओलांडून थेट पुढच्या निरोपावर जाते.