बिल्डिंग ५ सेंमी, सावली ६ सेंमी: त्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

★★☆☆☆
"सोसायटीचा ड्रोन व्ह्यू करून घेतला. सावल्या चुकीच्या आहेत. मी स्वतः पट्टीनं मोजलं: बिल्डिंग ५ सेंमी, तिची सावली ६ सेंमी. यांचं म्हणणं सावली उंचीएवढीच आहे! बाग अर्धी अंधारात. तीन दिवस सांगून पाच लावले. प्रॉम्प्टच्या चार ओळी टाइप करायचे साडेआठ हजार. वर फोनवर शिकवणी."

सर, नमस्कार.

दोन दिवस उशीर झाला ही आमची चूक, त्याबद्दल माफी मागतो. त्या दिवशी फोनवर माझाही आवाज चढला, तसा चढायला नको होता. माझ्याकडे दोनच मुलं कामाला आहेत. नवीन बिल्डर आमचे रिव्ह्यू वाचून मगच फोन करतात, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय. तुमच्या सोसायटीचं हे वरून दिसणारं चित्र एआयकडून करून घेतलेलं आहे, त्यातला ड्रोन खरा उडवलेला नाही, धरून चाललेला आहे.

पट्टीनं मोजलंत ते बरोबरच मोजलंत. माझ्या प्रिंटवर मीही मोजलं, तेवढंच भरलं. प्रश्न मापाचा नाही, कशाला कशाशी मोजलं त्याचा आहे. घरी टेबलावर पाण्याची बाटली उभी करा आणि तिच्याएवढीच पट्टी शेजारी आडवी ठेवा. आता खुर्चीवरून उठा आणि वरून तिरकं बघा. पट्टी तेवढीच दिसेल, बाटली मात्र बुटकी दिसेल. आपला ड्रोन ११० मीटरवर आहे आणि कॅमेरा ५५ अंश खाली झुकवलेला आहे. इतक्या वरून बघितलं की उभी बिल्डिंग दबते आणि जमिनीवर आडवी पडलेली सावली जवळजवळ पूर्ण लांबीची दिसते. फ्रेमच्या मधोमध असलेल्या बी विंगचा हिशेब मांडला तर सावली बिल्डिंगच्या सव्वापटीच्या आसपास दिसायला हवी. तुमची पट्टी ५ ला ६ सांगते. म्हणजे चित्र बरोबर आहे याचा पुरावा तुम्हीच रिव्ह्यूत दिलाय. फोनवर मी बाटलीचंच सांगत होतो, तेवढ्यात तुम्ही फोन ठेवलात.

कॅमेरा एवढा का झुकवला, हेही सांगतो. तुम्हाला लेआउट दिसायला हवा होता: गेट, आतला रिंग रोड, क्लब हाउस, पार्किंगचा रॅम्प. कॅमेरा ४० अंशांवर ठेवला की बिल्डिंग उंच आणि रुबाबदार दिसतात, पण त्यांच्यामागचा रस्ता झाकला जातो. तुमच्या मार्केटिंगच्या मॅडमनी मेलवर दोनदा लिहिलं होतं, "सगळे रस्ते दिसले पाहिजेत." म्हणून ५५. आणि ११० मीटर का, तर ग्रीन झोनमध्ये ड्रोनला परवानगीशिवाय ४०० फुटांच्या, म्हणजे साधारण १२० मीटरच्या वर जाता येत नाही. उद्या खरं शूटिंग कराल तेव्हा तो फोटो आणि हे चित्र एकाच उंचीवरचं वाटावं, हा विचार होता.

आता सावलीची खरी लांबी. बुकिंग पाडव्याला सुरू, सकाळी दहाचा व्ह्यू हवा, हे तुमचंच म्हणणं. २१ मार्चच्या आसपास पुण्यात घड्याळात दहा वाजतात तेव्हा सूर्याच्या हिशेबानं फक्त सव्वानऊ-साडेनऊ झालेले असतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशावर चालतं आणि पुणे ७४ च्या अलीकडे आहे, त्यात ३५ मिनिटं जातात. मार्चमध्ये सूर्य आणखी सात-आठ मिनिटं मागे असतो. त्यामुळे दहाला सूर्य क्षितिजापासून ४६ अंशांवर असतो, पूर्वेच्या जरा दक्षिणेला. ४५ अंशांवर सावली बरोबर उंचीएवढी पडते, ४६ ला किंचित कमी. तुमची बिल्डिंग ३६ मीटर, सावली साडेचौतीस मीटर, पडते पश्चिमेला, जराशी उत्तरेकडे कलून. तिथे काय आहे? तुमची बाग. आम्ही ती अंधारात ढकललेली नाही, सर. पाडव्याला सकाळी दहा वाजता तिथे उभे राहाल तर तुम्हीही सावलीतच असाल.

बाग उन्हात हवी असेल तर पावणेएकची वेळ धरा, तेव्हा सावली सरळ उत्तरेला आणि फक्त १२ मीटर, असा पर्याय मी तिसऱ्या दिवशीच पाठवला होता. त्यावर तुमचा मेसेज आला, "फ्लॅट वाटतंय, सोनेरी उजेड पाहिजे, पण सावल्या छोट्या ठेवा." सोनेरी उजेडाला सूर्य खाली लागतो. दहा अंशांवर आणला तर ३६ मीटरच्या बिल्डिंगची सावली दोनशे मीटरच्या पुढे जाते, तुमचं कंपाउंड ओलांडून शेजारच्या प्लॉटवर. सोनेरी उजेड आणि आखूड सावली एका चित्रात दाखवणारे भेटतील तुम्हाला, नाही असं नाही. उद्या एखादं गिऱ्हाईक ब्रोशर घेऊन बागेत उभं राहिलं तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल. जाहिरातीतल्या खोट्या चित्रणावर रेरा कायद्याचं कलम १२ आहे, ते माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत.

प्रॉम्प्टच्या चार ओळींचं बोललात, ते मात्र लागलं. त्या चार ओळी या, लपवण्यासारखं त्यात काही नाही:

```
aerial drone photo from 110 m, looking north, tilted 55° down,
three 12-storey residential towers, 6 m internal loop road,
lawn and rain trees west of tower B, clear morning sun from
right-rear, shadows fall left and slightly away, shadow length about equal to building height
```

घ्या, कुठल्याही इमेज जनरेटरमध्ये टाका आणि काय येतं ते बघा. आम्ही टाकून बघितलंय. ए विंगची सावली डावीकडे, सी विंगची पुढे, झाडांखाली भर दुपारसारखा गोल काळा ठिपका. आतला रस्ता क्लब हाउसच्या भिंतीत जाऊन संपतो, गाड्या उजव्या बाजूनं चालतात, बागेत पाइनची झाडं. कारण हे मॉडेल सूर्य मोजत नाही. लाखो फोटो बघून सावली साधारण कशी दिसते एवढंच ते शिकलेलं असतं. ४६ अंश लिहा नाहीतर २६, त्याला फारसा फरक पडत नाही. चूक ओळखायला पट्टी लागत नाही. दिव्याचा खांब, झाड आणि बिल्डिंग, तिघांच्या सावल्या एकाच दिशेला जातात का, एवढं बघा.

म्हणून आम्ही आधी तुमच्या लेआउटवरून स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये नुसते करडे ठोकळे उभे करतो. तीन बिल्डिंग, रस्ते, कंपाउंड, झाडांच्या जागी गोळे. त्यात पुण्याचं लोकेशन, तारीख, वेळ आणि साडेपाच तासांचा टाइम झोन भरला की सावली गणितानं पडते. त्या करड्या चित्रात काय जवळ, काय लांब ते आणि कडा कंट्रोल इमेज म्हणून, म्हणजे ज्याला धरूनच काढायचं असा साचा म्हणून, मॉडेलला देतो, करडं चित्रही सोबत देतो आणि बदलाचं प्रमाण कमी ठेवतो, म्हणजे त्याला रंग, काच, गवत भरता येतं पण सावली हलवता येत नाही. प्रॉम्प्टचं काम तिथून सुरू होतं. तरीही झाडांच्या सावल्या ते मध्येच विसरतं. तुमच्या चित्रात चौदा झाडांच्या सावल्या आमच्या मुलानं हातानं दुरुस्त केल्यात. साडेआठ हजार या सगळ्याचे आहेत, टायपिंगचे नाहीत.

आता उशिराचं, आणि यात आमची खरी चूक आहे, ती कबूल करतो. पहिल्या ड्राफ्टमध्ये मुलानं लोकेशन भरलंच नव्हतं. लोकेशन भरलं नाही की स्केचअप अमेरिकेतल्या कोलोरॅडोमधलं बोल्डर गाव धरतं. ते ४० अंश अक्षांशावर, आपण साडेअठरावर. तिथे मार्चमध्ये दहाला सूर्य ४० अंशांच्या आसपास असतो, म्हणून सावली ४२ मीटर आली, क्लब हाउसच्या पायरीपर्यंत. तुम्हाला तो ड्राफ्ट जाण्याआधीच मला खटकला आणि सगळं परत केलं. यात एक दिवस गेला.

दुसरा दिवस कुठे गेला तेही लिहू का? लेआउटचा पीडीएफ मागितला, तर आला टेबलावर ठेवलेल्या कागदाचा व्हॉट्सॲप फोटो. तोही तिरका, आणि ज्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण असतो नेमका तोच कोपरा कापलेला, त्यावर चहाचा कप. उत्तर कुठे ते कळल्याशिवाय सावली पाडायची कुठे? तीन फोन केले. "गेट साधारण दक्षिणेला आहे" असं उत्तर मिळालं. साधारण दक्षिण धरून केलं असतं आणि प्रत्यक्षात ती वीस अंशांनी चुकली असती, तर सावली बागेवर पडायची ती रस्त्यावर पडली असती. शेवटी मंजूर नकाशाची प्रत तुमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसातून मीच जाऊन आणली. पेट्रोलचे पैसे बिलात लावलेले नाहीत.

गुलमोहर लाल फुललेले हवे होते, ते आम्ही हिरवेच ठेवले, यावरही तुम्ही नाराज आहात हे मॅडमकडून कळलं. मार्चमध्ये गुलमोहर फुलत नाही हो. पण ते तुमच्या मर्जीवर, सांगाल तर लाल करून देतो. सावली मात्र पाडव्याचीच राहील.

यापुढे ड्राफ्टच्या खालच्या कोपऱ्यात तारीख, वेळ, सूर्याची उंची आणि उत्तर छापून पाठवायची असं ठरवलंय. लोकेशन भरलंय का हे दुसऱ्या मुलानं तपासायचं, असंही. बाकी सुधारणा करतोच आहोत.

पावणेएकच्या सावलीचा पूर्ण साइजचा व्ह्यू तुमच्यासाठी विनामूल्य तयार ठेवलाय. दोन्ही प्रिंट ऑफिसात भिंतीवर शेजारी शेजारी लावल्यात. गुरुवार सोडून कधीही या, पट्टी घेऊन आलात तरी चालेल. बाटली आहे आमच्याकडे.