गेलेल्यांचं भाडं

पुन्हा तेच! सॉफ्टवेअरचं महिन्याचं बिल आलं: ३१ सीट्स, माणशी एक. ऑफिसातली डोकी मोजली: २४. उरलेले ७ कोण? भुतं?

बसले मग जुळवत. एकीकडे सॉफ्टवेअरमधून काढलेली युजर्सची यादी, दुसरीकडे एचआरची पगारयादी. चौघे सापडले, नोकरी सोडून गेलेले. त्यातल्या एकाचं लग्न होऊन बारसंही उरकलं, पण त्याची सीट आमच्याकडे अजून नांदतेय! आयटीनं त्यांची खाती 'सस्पेंड' केली होती म्हणे. म्हणजे लॉगिन बंद, बिल चालू. वा!

उरलेले तिघे तर यादीतच नाहीत. त्यांची खाती डिलीट केली होती; पण त्यानं सीट फक्त रिकामी होते, कमी होत नाही. विकत घेतलेल्या सीट्सचा आकडा बिलिंगच्या पानावर वेगळा खाली आणायचा असतो. ते पान दिसतं फक्त बिलिंग ॲडमिनला. आणि ॲडमिन कोण? त्या गेलेल्या चौघांपैकीच एक!

सीटला ९०० रुपये, सातांचे ६,३००, वर १८ टक्के जीएसटी. ७,४३४ रुपये, दरमहा, रिकाम्या खुर्च्यांना चहा पाजायला!

सॉफ्टवेअरच्या कंपनीला लिहिलं. उत्तर आलं, करार वार्षिक आहे, सीट्स नूतनीकरणालाच कमी होतील. नवा माणूस घेतला की त्याच मिनिटाला उरलेल्या दिवसांचे पैसे कापता, तेव्हा कुठे झोपतो हा करार? वर ३० दिवस आधी कळवायचं, नाहीतर पुढच्या वर्षीही ३१!