कपाट, जिना आणि ‘बघतो, जमवतो’

गेल्या रविवारी सकाळी दहा वाजता मी जिन्याच्या वळणावर एका लोखंडी कपाटाला पाठ लावून उभा होतो आणि अकरा वाजून दहा मिनिटांनीही तिथेच उभा होतो. घर बदलायचे होते, कपाट उतरवायला चार माणसे लागणार होती आणि जमली होती तीन. चौथा माणूस म्हणजे माझा मित्र. ‘रविवारी नऊला येशील ना?’ असे मी त्याला बुधवारी विचारले होते आणि ‘बघतो, जमवतो’ असे त्याचे उत्तर आले होते. वळणापर्यंत आम्ही तिघांनी कसेबसे निभावले. पुढे कपाट आडवे होईना आणि उभेही सरकेना. तेव्हा ‘खाली कुणी मिळतंय का बघतो’ असे म्हणून मेहुणा गेला आणि त्याच्या सोबतीला तिसराही गेला. कपाट कलंडू नये एवढ्यासाठी मी उरलो.

त्याच वेळी वरून एक वृद्ध गृहस्थ इस्त्रीच्या कपड्यांचे गाठोडे घेऊन उतरले आणि कपाटापाशी थांबले. जाण्यास वाट नव्हती, परत वर चढण्याची इच्छा नव्हती, म्हणून ते वरच्या पायरीवर ऐसपैस बसले. मी झाला प्रकार सांगितल्यावर त्यांनी निरोप पाहायला मागितला. मी एका हाताने कपाट आवरत दुसऱ्या हाताने फोन वर केला. गृहस्थ एका कचेरीतून निवृत्त झालेले होते आणि अर्जांवर शेरे लिहिण्यात त्यांचा जन्म गेला होता, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

“‘बघतो’ लिहिलंय,” ते चष्मा सारखा करीत म्हणाले. “मग त्यानं बघितलं असेल. शब्द पाळला की त्यानं.”

मी काही बोललो नाही. कपाटाचा कोपरा बरगडीत रुतत होता.

“मी स्वतः हजारो अर्जांवर ‘पाहावे’ असा शेरा मारलाय. कुणी पाहावे, कधी पाहावे, पाहून काय करावे, हे लिहायचं नसतं. त्यातल्या त्यात ‘बघतो’ बरा, त्यात निदान एक माणूस आहे. ‘बघू’ म्हटला असता, तर त्यानं तुम्हालाही आत ओढलं असतं. आपण दोघं मिळून बघू. आणि ‘जमलं तर येतो’ म्हटला असता, तर माणूसच नाहीसा झाला असता. ‘मला जमेल’ यात ‘मी’ कुठं आहे? ‘मला’ आहे. जमणं हे पाऊस पडावा तसं आपलं आपण होतं. नाही झालं, तर पावसाला कोण जाब विचारणार?”

व्याकरण म्हणून हे मला पटले, हेच अधिक संतापजनक होते.

“बरं, त्यानं उलट काही विचारलं का?” त्यांनी उलटतपासणी सुरू ठेवली. “कितवा मजला, दोरी आणू का, किती वेळ लागेल?”

“नाही.”

“मग तो येणारच नव्हता. येणाऱ्या माणसाला अडचणी दिसतात, म्हणून तो प्रश्न विचारतो. न येणाऱ्याला कसली अडचण?”

ही कसोटी सोपी आहे आणि ती मी आता जपून ठेवली आहे. उत्तरात एखादी वेळ, एखादी अट किंवा एखादा प्रश्न असेल, तर समोरच्याने मनातल्या मनात तो दिवस एकदा तरी जगून पाहिलेला असतो. ‘नक्की बघतो’ यातले ‘नक्की’ मात्र बघण्याला चिकटलेले असते, येण्याला नव्हे.

गृहस्थांच्या मते चूक माझीही होती आणि ते सांगताना त्यांना जो आनंद झाला, तो मी विसरलेलो नाही. ‘येशील ना?’ यातल्या ‘ना’ने मी नकाराची वाट बंद केली होती. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या अभ्यासकांनी सभ्य बोलण्याची जी मीमांसा १९७८ साली मांडली, तिचा गाभा हाच आहे: विनंती करणारा आणि नाकारणारा, दोघेही एकमेकांचा आब सांभाळत आडवळणाने बोलतात. मित्राने माझा आब सांभाळला; कपाट मी सांभाळले.

मग बुधवारी मी काय लिहायला हवे होते? जिन्यावर वेळ मुबलक असल्याने तो निरोप मी तिथेच मनात रचला. ‘काम तासाभराचे आहे, कपाट जड आहे. तू नाही म्हणालास तरी अडणार नाही, मी हमाल सांगेन. त्यांना आदल्या दिवशी सांगावे लागते, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत हो किंवा नाही कळव. तोवर काही कळले नाही, तर नाही असे समजून त्यांना सांगतो.’ यात नकार स्वस्त झाला आहे, मुदतीला कारण आहे आणि मौनाचा अर्थ आधीच ठरला आहे. तो अर्थ नकार हाच असला पाहिजे. ‘न कळवल्यास होकार समजतो’ असे लिहिणारा माणूस पुढे कपाटासकट जिन्यावर सापडतो. वरिष्ठांना मात्र अशी मुदत घालता येत नाही. तिथे पुढचे पाऊल आपले आणि मागे घेता येण्याजोगे असेल, तर ‘आपली वेगळी सूचना नसल्यास मंगळवारी काम सुरू करतो’ असे नम्रपणे लिहावे. पाऊल त्यांचे असेल, तर वाट पाहण्याला पर्याय नाही.

कधी कधी ‘बघतो’ हे प्रामाणिक उत्तरही असते, कारण माणसाच्या कामाच्या पाळ्याच शुक्रवारी लागायच्या असतात. अशा वेळी हो की नाही, असे विचारणे म्हणजे छळ होय. ‘तुला स्वतःला कधी कळेल?’ असे विचारावे. त्याचे उत्तर खऱ्या माणसापाशी असते. बाकीचे त्यावरही ‘बघतो’ म्हणतात.

हे ज्ञान ताजे असतानाच मी ते वापरून पाहिले.

“काका, दोन मिनिटं वरची बाजू धरता का?”

“बघू,” असे म्हणून काका गाठोड्याची गाठ घट्ट करू लागले.

“नाही म्हणालात तरी मला राग येणार नाही. पण हे कशावर अवलंबून आहे?”

“कमरेवर.”

“कमरेचा निर्णय कधी कळेल?”

“कळलाय. नाही.”

सबंध आठवड्यात मला मिळालेले ते पहिले स्पष्ट उत्तर होते. पाठोपाठ मेहुणा दोन अनोळखी पोरांना घेऊन आला, कपाट उतरले आणि काकाही गाठोड्यासह उतरले. जाताना त्यांनी मला पुढच्या वेळी कपाट रिकामे करून न्यावे असा सल्ला दिला. ते रिकामेच होते.

रात्री मित्राचा फोन आला. “अरे, नाही म्हटलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं,” असे तो म्हणाला. म्हणजे माझे मन जपण्यासाठी माझी पाठ गेली. जुन्या घरात पलंग अजून राहिला होता, म्हणून मी त्याला जिन्यावर रचलेला निरोप, फक्त कपाटाच्या जागी पलंग घालून, शब्दशः पाठवला. शुक्रवारी सहाला दहा मिनिटे कमी असताना उत्तर आले: ‘ठीक.’

ठीक म्हणजे येतो, की ठीक म्हणजे हमाल सांग? पूर्वीच्या मी त्यातला सोयीचा अर्थ घेतला असता. या वेळी मी दोन्ही अर्थ लिहून पाठवले आणि त्यातला एक निवडायला सांगितले. ‘हमाल सांग,’ असे उत्तर आले. नाही म्हणालास तरी अडणार नाही असे मीच लिहिले होते, तरी राग आला.

हमालांना फोन केला. पलंग म्हटल्याबरोबर पलीकडून प्रश्न आला, “कितवा मजला? जिना वळणाचा आहे का?”

मी निर्धास्त झालो.