लोकाग्रहास्तव मुदतवाढ

योग शिकवणं सोपं, शिकणं त्याहून सोपं. अवघड आहे ते ऑनलाइन योग कार्यशाळेच्या पोस्टखाली कॅप्शन लिहिणं. ते काम माझ्यासारख्यांच्या गळ्यात पडतं, कारण आमचं शुद्धलेखन बरं असतं असा एक गैरसमज आहे.

गुरुजींचा मजकूर येतो तो हात जोडलेल्या तीन इमोजींनी सुरू होतो. मग पतंजलींचं ‘योगश्चित्तवृत्तिनिरोधः’, मग ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’. इन्स्टाग्रामवर कॅप्शन २२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फीडमध्ये त्यातली सुरुवातीची साधारण सव्वाशेच दिसतात. बाकी सगळं ‘more’च्या पडद्याआड. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते, म्हणजे मराठी माणसाला इथेही जागा कमीच. धकाधकीचं जीवन संपेपर्यंत सव्वाशे संपतात आणि वार, वेळ, मुदत पडद्यामागे चित्तवृत्तींचा निरोध करत बसतात.

पुढची ओळ असते, ‘नवशिक्यांसाठी व व्यग्र व्यावसायिकांसाठी उपयुक्त’. ८.०५ची लोकल पकडणारा कोणीही स्वतःला व्यग्र व्यावसायिक म्हणवत नाही. त्याला एवढंच हवं असतं, की हे ७.१५ला संपेल ना आणि चुकलं तर रेकॉर्डिंग मिळेल ना. नवशिक्याला ‘नवशिक्यांसाठी’ हा शब्द वाचून धीर येत नाही. त्याची भीती अगदी नेमकी असते: मांडी घालता येत नाही, वाकलं की हात गुडघ्यापर्यंतच पोचतात आणि हे सगळं कॅमेऱ्यात दिसणार. म्हणून आम्ही सगळं खोडून पहिल्याच ओळीत लिहितो:

‘मांडी घालता येत नाही? खुर्ची चालेल. ऑनलाइन योग, ८ ते १२ जून, सकाळी ६.३० ते ७.१५. नोंदणी शनिवार ६ जून, रात्री ९ पर्यंत.’

बसलं सव्वाशेत. पडद्यामागे मग निवांत लिहावं: कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल, रेकॉर्डिंग सात दिवस राहील, फी पाचशे रुपये. ‘माफक शुल्क’ लिहू नये. लिहिलं की खाली चाळीस जण ‘फी?’ विचारतात आणि आकडा लिहिला तरी चार जण विचारतातच. ते वेगळे, त्यांना कोणत्याही आसनाने गुण येत नाही. लिंकही कॅप्शनमध्ये चिकटवू नये, इन्स्टाग्रामवर ती तिथे उघडत नाही. ती बायोमध्ये ठेवावी आणि तसं सांगावं. व्हॉट्सॲपवर तोच मजकूर टाकताना मात्र ‘लिंक बायोमध्ये’ पुसायला विसरू नये.

आता मुदत. ‘शनिवारी रात्री १२ पर्यंत’ असं लिहिलं, की निम्मे लोक शुक्रवारची रात्र धरतात, निम्मे शनिवारची. रात्री ९ म्हणजे रात्री ९. दुबईतल्या मावशींसाठी ‘भारतीय वेळ’ हे दोन शब्द खाली जोडावेत, नाहीतर आपले साडेसहा त्यांच्याकडे पहाटेचे पाच असतात हे त्यांना आपले आठ वाजल्यावर कळतं. आणि वर्ग सोमवारी असताना मुदत शनिवारीच का? रविवारी नोंदणीचे फॉर्म वाचायचे असतात. कोणाला रक्तदाब आहे, कोणाची मणक्याची गादी सरकली आहे, कोण गरोदर आहे, हे आधी कळलं तर सर्वांगासन कोणाला सांगायचं नाही आणि पुढे वाकायला कोणाला लावायचं नाही ते ठरतं. हे कारण कॅप्शनमध्ये एका ओळीत लिहिलं तर मुदत खरी वाटते. ‘त्वरा करा, मोजक्याच जागा’ लिहिलं तर साडीच्या सेलची वाटते.

मुदतीवरून आठवलं. झूमची फुकट मीटिंग चाळीस मिनिटांत बंद पडते. वर्ग ४५ मिनिटांचा आणि शेवटची आठ मिनिटं शवासनाची. म्हणजे मीटिंग नेमकी शवासनात जाते. डोळे मिटून पडलेल्यांना पत्ताच नसतो. काही जण पावणेआठपर्यंत तसेच पडून राहतात आणि नंतर ‘आज फार छान शांतता होती’ असा अभिप्राय पाठवतात. तेव्हा कॅप्शनमध्ये ४५ मिनिटं लिहिण्याआधी पैसे भरलेला प्लॅन आहे का, एवढं गुरुजींना विचारून घ्यावं.

एवढं सगळं करून शनिवारी रात्री पावणेनऊला फॉर्म दिसतात अकरा. गुरुजींचा मेसेज येतो, ‘लोकाग्रहास्तव मुदतवाढ टाकू या का?’ लोकांनी कसलाही आग्रह केलेला नसतो. एकदा मुदत वाढवली की पुढच्या वेळी पहिली तारीख कोणी मनावर घेत नाही. सगळे दुसरीची वाट बघतात. मी नको म्हणतो. शेवटच्या पंधरा मिनिटांत नऊ फॉर्म येतात, कारण नोंदणी ही शेवटच्या पंधरा मिनिटांतच करायची असते.

एकविसावा माणूस सोमवारी ६.२८ला कमेंटमध्ये विचारतो, ‘अजून चालू आहे का? आणि फी?’